बाळ मंगळवारचे की बुधवारचे?

एका भगिनीने पत्रातून विचारले आहे : 'चैत्रात पहाटे साडेतीनला मुलगा झाला. दवाखान्याच्या कागदावर बुधवार आहे, पण गुरुजींनी मंगळवार लिहिला. शिवाय भद्रा निघाली म्हणून सासूबाईंनी बारशाआधी शांतीचा आग्रह धरलाय. काय करावे?'

ताई, गुरुजींचे बरोबर आहे. इंग्रजी तारीख मध्यरात्री बदलते, पण आपला वार सूर्योदयाला. साडेतीनला बुधवार उजाडलेलाच नव्हता! म्हणून वाराचा स्वामी बुध नव्हे, मंगळ धरायचा. स्वभाव सांगताना जोतिषी तो विचारात घेतात.

तिथीचे मात्र तसे नसते. तिथी दिवसा, रात्री, केव्हाही बदलते. तुम्ही उतरवून पाठवलेल्या मंगळवारच्या ओळीत सप्तमी दुपारी चार वाजून दहा मिनिटांपर्यंत आहे. सूर्योदयाची तिथी म्हणून सप्तमी आपण सणावाराला घेऊ, पण जन्माला त्या क्षणाची तिथी लागते. म्हणजे बाळाची शुद्ध अष्टमी.

करण म्हणजे अर्धी तिथी. शुद्ध अष्टमीच्या पहिल्या अर्ध्या भागात विष्टी करण असते, तिलाच आपण भद्रा म्हणतो. तुमच्या पंचांगात भद्रा '२८.३०'पर्यंत आहे. हा आकडा पाहून गोंधळू नका. त्यातून २४ वजा केले की पहाटेचे साडेचार. बाळ तासाभराने उशिरा आले असते तर करण बव झाले असते. म्हणून घड्याळ पाहून लिहिलेली वेळ हवी, 'पहाटे कधीतरी' चालत नाही.

आता घाबरण्याजोगे त्यात किती? भद्रा वर्ज्य सांगितली आहे ती मुख्यतः आपण ठरवून करतो त्या शुभकार्यांना. जन्माची वेळ कोण ठरवते? काही ग्रंथांत भद्रेच्या जन्मालाही शांती आहे, हे खरे. पण पंचांगश्रवणाच्या फळांत करणाकडे कार्यसिद्धी आहे, तिथीकडे संपत्ती, वाराकडे आयुष्य आणि योगाकडे रोगनिवारण. एकटे करण धरून सगळे भविष्य काळे करायचे नसते. तुमच्याच बाळाचा योग पाहा ना, सौभाग्य! सत्तावीस योगांत तो शुभ मानतात. (सूर्य आणि चंद्र यांच्या अंशांची बेरीज करून योग काढतात, तिथी त्यांच्या अंतरावरून.) त्याबद्दल घरात कुणी अवाक्षर काढले नाही, आणि भद्रा तेवढी लक्षात राहिली!

खरे तर फलादेशात लग्न, चंद्र आणि ग्रहांची स्थाने आधी पाहतात. तिथी, वार, योग, करण ही त्यावरची जोड. सासूबाईंच्या मनाला बरे वाटत असेल तर साधी पूजा करावी, पण शांतीसाठी कर्ज काढू नये. बारसे त्यासाठी अडवून ठेवू नये, असे मला वाटते.

पत्रिकेसाठी वेळ देताना 'मंगळवारी रात्री साडेतीन, इंग्रजी बुधवार' असे दोन्ही लिहा, आणि गावाचे नावही. गावागणिक सूर्योदय बदलतो.