तीन शब्दांचं कार्ड

14 एप्रिल जवळ आला की पालघर, बोईसरच्या फ्लेक्सवाल्यांकडे आणि मोबाइलवर कार्डं करणाऱ्या पोरांकडे एकच मजकूर येतो: शिका, संघटित व्हा, संघर्ष करा. चौकोनी कार्डावर फोटो, नाव आणि शुभेच्छुकांची रांग बसली की मजकुराला जेमतेम दहा-बारा शब्दांची जागा उरते. तिथे हे तीन आदेश अगदी चपखल बसतात. तक्रार करायची कशाला?

जुलै 1942 मध्ये नागपूरच्या अखिल भारतीय दलित वर्ग परिषदेत बाबासाहेब इंग्रजीत बोलले. त्यात ‘एज्युकेट, अ‍ॅजिटेट, ऑर्गनाइज’ असा क्रम होता. ब्रिटनमधल्या समाजवाद्यांच्या तोंडीही 1880च्या दशकात हेच शब्द होते. मराठीत मधला शब्द शेवटी गेला आणि ‘संघर्ष’ झाला. मूळ शब्दात मन ढवळून काढणं, लोकांना अस्वस्थ करणं हेही येतं. ती अस्वस्थता आधी, संघटना नंतर.

तरीही मराठी क्रम चूक ठरवून खोडावा, असं आम्हाला वाटत नाही. तारापूर एमआयडीसीतल्या कंत्राटी कामगाराला विचारा: एकट्याने आवाज चढवला तर दुसऱ्या दिवशी गेटपास बंद होतो. आधी संघटना, मग संघर्ष, हे त्याला पटणारं आहे. शिवाय कित्येक दशकांच्या चळवळीने ही ओळ आपली केली आहे. ती घोषणा म्हणून खुशाल छापावी. फक्त नागपूरच्या भाषणातलं शब्दशः वाक्य म्हणून अवतरणचिन्हांत घालू नये.

जास्त नुकसान या तीन शब्दांच्या पुढच्या भागाचं होतं. त्याच भाषणात बाबासाहेब स्वतःवर विश्वास ठेवायला सांगतात, न्याय आपल्या बाजूने असल्याने हरणार कसे असं विचारतात आणि लढाई कशासाठी हे स्पष्ट करतात. तो भाग छोटा करून पाहू:

ही लढाई संपत्तीची किंवा सत्तेची नाही. स्वातंत्र्याची, माणूसपण परत मिळवण्याची आहे.

अकराच शब्द. न्याय, आत्मविश्वास गळले, पण लढाईचं कारण राहिलं. आता अक्षरं आणखी मोठी हवीत म्हणून कात्री लावली, की पहिला बळी जातो ‘नाही’ असलेल्या अर्ध्या भागाचा. उरतं: ही लढाई स्वातंत्र्याची आहे. वाक्य खोटं नाही, तरी कशाला नकार दिला तेच गेलं. आणि निवडणुकीच्या वर्षी उमेदवाराच्या हसऱ्या फोटोखाली ‘सत्तेची नाही’ हे शब्द कुणाला हवे असतात? (डिझाइनरला दोष देऊ नका, तो जागा मोजतो.)

म्हणून कापताना नकार आणि अट यांना हात लावू नये; विशेषणं आणि पुनरुक्ती आधी काढावी. कापलेलं कार्ड भाषण न वाचलेल्या माणसाला द्यावं आणि लढाई कशासाठी नाही, असं विचारावं. उत्तर आलं नाही तर शुभेच्छुकांचे दोन फोटो कमी करावेत. खाली बारीक अक्षरात ‘नागपूर, 1942, भाषणाचा संक्षेप’ एवढं मावतंच.