सहा आणि सातच्या मधली जागा

आयेल्ट्सच्या स्पीकिंगचा बँड-तक्ता लोक मार्कांच्या भावफलकासारखा वाचतात, म्हणजे सातचा रकाना उघडायचा, त्यातली विशेषणं पाहायची आणि घाबरायचं. माझ्या मते तो एकेकटा वाचायचाच नसतो. सहा आणि सात शेजारी ठेवायचे, दोन्हीकडे सारखं असलेलं खोडायचं. उरेल तोच फरक.

करून बघू. 'ओघ आणि सुसंगती' या निकषात दोन्हीकडे उमेदवार लांब बोलू शकतो, दोन्हीकडे अडखळतोही. हो, सातलाही अडखळणं चालतं! मग उरतं काय? सहाला अडखळण्यामुळे बोलण्याचा धागा अधूनमधून सुटतो, सातला सुटत नाही. म्हणजे "अं... अं..." मोजत बसण्यात अर्थ नाही. ऐकणारा कुठे हरवला, ते शोधायचं.

व्याकरणातही तसंच. साध्या चुका सातलाही थोड्या राहतात. पण सहाला गुंतागुंतीच्या वाक्यांत वारंवार चुका होतात, तर सातला बिनचूक वाक्यं वारंवार येतात. 'वारंवार' म्हणजे किती, हे तक्ता सांगत नाही. परीक्षकही वाक्यं मोजत बसत नाही. पण घरी अंदाज घ्यायला मोजणी बरी.

माझ्या भाचीला सात हवे आहेत. तिचं दोन मिनिटांचं उत्तर आम्ही मोबाईलवर रेकॉर्ड केलं आणि लिहून काढलं. बारा वाक्यं. चार छोटी, चारही स्वच्छ. आठ लांब, त्यातली सहा चुकलेली, बहुतेक "आय हॅव वर्क्ड देअर सिन्स थ्री इयर्स" या आपल्या मराठी वळणाची ('सिन्स'च्या जागी 'फॉर' हवं). म्हणजे व्याकरण सहा. ओघात ती पाच ठिकाणी थांबली, त्यातल्या चार ठिकाणी काही बिघडलं नाही. पण एकदा मागे जाऊन वाक्य बदललं आणि त्यानंतरची 'शी' म्हणजे सिस्टर की पेशंटची आई, ते शेवटपर्यंत कळेना. तिथे धागा तुटला, म्हणून ओघही सहा. शब्दसंपदा आणि उच्चार आम्ही सात धरले. चारही निकषांना सारखं वजन, म्हणून सरासरी साडेसहा.

"मावशी, म्हणजे मोठमोठे शब्द पाठ करून उपयोग नाही?" तिनं विचारलं. नाही ना! जिथे सात आहेत तिथेच ती आणखी घासत होती.

एक अट मात्र विसरू नये. तक्त्याखालीच लिहिलंय की त्या पातळीची चांगली लक्षणं पूर्णपणे बसली पाहिजेत. एखादं झकास वाक्य आलं म्हणून सात मिळत नाहीत, ते कौशल्य उत्तरभर टिकावं लागतं. उच्चाराच्या रकान्यात तर सातला स्वतःचं वर्णनच नाही: सहाचं सगळं, आणि आठचं थोडं. तिथे शेजारचे रकाने वाचल्याशिवाय गत्यंतरच नाही.

तुमच्या घरी कुणी तयारी करत असेल तर आधी त्याचं एक उत्तर लिहून काढा. क्लासची फी त्यानंतर.