देज, डाकीण आणि केशलोच

पिंप्राळा-जळगावच्या व्यापारी कुटुंबांचा सातपुड्याशी संबंध जुना आहे. कापसाच्या वेचणीला आणि केळीच्या बागांतील कामाला डोंगरातून भिल्ल, पावरा, बारेला कुटुंबे खाली उतरतात. त्यांच्या स्त्रियांच्या अंगावरची जड चांदी खानदेशातील सराफांच्याच दुकानांतून गेलेली असते. इतक्या वर्षांच्या देवघेवीनंतरही या लोकांविषयी गादीवर बसून एक वाक्य सहज बोलले जाते : ‘त्यांच्यात मुली विकतात.’

हे वाक्य ज्या प्रथेविषयी आहे तिला ‘देज’ म्हणतात. विवाह ठरताना मुलाकडील मंडळी मुलीच्या बापाला ठरावीक रक्कम देतात. ती दोन्हीकडच्या पंचांसमोर ठरते आणि रोख पैशाबरोबर चांदी, धान्य, बोकड असेही तिचे घटक असू शकतात. दुरून पाहणाऱ्याला यात खरेदी-विक्री दिसते, कारण त्याच्या डोळ्यांसमोर दुकानातला व्यवहार असतो. वस्तू देऊन पैसे घेतले की ती विक्री, हा त्याचा ताळा. आपल्या घरातील मापाने दुसऱ्याचे घर मोजण्याच्या या सवयीला समाजशास्त्रात स्वसंस्कृतिकेंद्री दृष्टी म्हणतात. विल्यम ग्रॅहम समनर या अमेरिकन अभ्यासकाने १९०६ साली आपल्या ग्रंथातून ही संकल्पना रूढ केली. आपला समूह सर्व गोष्टींच्या केंद्रस्थानी आहे आणि इतरांची किंमत त्याच्या संदर्भाने ठरते, असे मानणे, हा तिचा आशय.

आता तीच प्रथा आतून पाहू. डोंगरातील शेतीत स्त्रीचे श्रम पुरुषाइतकेच असतात. पेरणी, निंदणी, मोहफुले आणि डिंक गोळा करणे, पाणी, गुरे यांचा भार तिच्यावर असतो. अशी मुलगी सासरी गेली म्हणजे एका घरातील दोन हात कमी होतात व दुसऱ्या घरात वाढतात. देज हा त्या हानीचा मोबदला समजला जातो. मुलगी स्वतःच्या पसंतीने कोणाबरोबर पळून गेली, तर पंच नंतर बसून देजाची रक्कम ठरवतात आणि संसार मान्य होतो. तिने पहिल्या नवऱ्याला सोडून दुसरा केला, तर दुसऱ्याने पहिल्याला देज परत करायचे असते. विधवेचा पुनर्विवाह ही तर चर्चेचीही बाब नसते. विकलेल्या वस्तूला मालक बदलण्याचा अधिकार नसतो, तो येथे स्त्रीला काही प्रमाणात आहे. म्हणजे ‘विक्री’ हा शब्द चुकीचा ठरतो.

याच वेळी दुसऱ्या बाजूची वही उघडावी. मैदानी खानदेशातील सधन जातींत पैसा उलट दिशेने, म्हणजे मुलीकडून मुलाकडे जातो. १९६१च्या हुंडा प्रतिबंधक कायद्यामुळे त्याचे नाव बदलले आणि तो ‘हौसेने केले’ या सदरात गेला, इतकेच. २०११च्या जनगणनेत शून्य ते सहा वयोगटात दर हजार मुलांमागे मुलींची संख्या जळगाव जिल्ह्यात ८५०च्याही खाली होती, तर आदिवासीबहुल नंदुरबारमध्ये ती ९३०च्या वर होती. सोनोग्राफीची सोय, शिक्षण, उत्पन्न अशी या फरकाची आणखीही कारणे असतील. परंतु जेथे मुलीमुळे घरात काही येते तेथे ती नकोशी होत नाही आणि जेथे तिच्यासाठी घरातून द्यावे लागते तेथे जन्मापूर्वीच तिचा हिशोब होतो, ही गोष्ट या आकड्यांशी जुळणारी आहे. मुली कोण विकतो, याचे उत्तर मग तितके सोपे राहत नाही.

प्रथा तिच्या स्वतःच्या संदर्भात समजून घ्यावी, तिला परक्या मापाने मोजू नये, या भूमिकेला सांस्कृतिक सापेक्षतावाद म्हणतात. फ्रान्झ बोआस आणि त्यांच्या शिष्यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ती आग्रहाने मांडली. देजाच्या बाबतीत या भूमिकेने आपले काम चोख केले आहे. प्रश्न असा, की ती कुठवर न्यावी?

त्याच सातपुड्यात, त्याच पाड्यांवर, ‘डाकीण’ ठरवण्याचीही चाल आहे. तिचा क्रम बहुधा असा असतो. घरातले मूल तापाने फणफणते, किंवा दुभती गाय आटते, किंवा लागोपाठ दोन मृत्यू होतात. दवाखाना दूर असतो. घरचे लोक भगताकडे जातात. तो दाणे टाकतो, ते मोजतो आणि हे कोणाचे तरी ‘करणे’ आहे असे सांगतो. कधी तो नाव घेतो, कधी फक्त दिशा सांगतो आणि नाव लोकच पुरे करतात. मग पंच बसतात. त्या बाईने कबूल करावे असा आग्रह होतो. कबूल केले तर दंड. न केले तर मारहाण, वाळीत टाकणे किंवा पाड्यावरून हाकलणे. काही वेळा जीवही जातो.

ज्या बाईकडे बोट जाते ती पुष्कळदा विधवा किंवा एकटी असते. नवऱ्याच्या मागे जमिनीचा तुकडा तिच्या ताब्यात असतो आणि ती निघून गेली तर तो दिराकडे किंवा पुतण्याकडे जाणार असतो. प्रत्येक प्रकरणात जमीन असतेच असे नाही. जुने भांडण, मत्सर किंवा खरीखुरी भीतीही पुरेशी असते. परंतु आरोप करणाऱ्याला तिच्या जाण्याने काय मिळणार, हा प्रश्न विचारल्यावाचून असे प्रकरण समजत नाही.

सापेक्षतावादाचा कडवा पुरस्कर्ता येथेही म्हणेल, की ही त्यांची श्रद्धा आहे; रोगाचे कारण सांगण्याची त्यांची रीत आहे; बाहेरच्यांनी बोलू नये. या युक्तिवादात एक ढोबळ चूक आहे. ‘त्यांची’ म्हणजे कोणाची? भगत पावरा असेल तर जिला मारले ती बाईही पावराच आहे. पंचांचे मत ही जमातीची संस्कृती आणि तिचा आक्रोश मात्र संस्कृतीबाहेरचा, असे ठरवण्याचा अधिकार अभ्यासकाला कोणी दिला? कोणत्याही समाजात एकच आवाज नसतो. जो आवाज मोठा, तोच समाजाचा असे धरून चालले, की सहिष्णुतेच्या नावाखाली आपण बलवानाच्या बाजूला जाऊन उभे राहतो.

हा पेच विद्वानांनाही पडला होता. संयुक्त राष्ट्रसंघात मानवी हक्कांचा जाहीरनामा तयार होत असताना, १९४७ साली, अमेरिकेतील मानवशास्त्रज्ञांच्या संघटनेने निवेदन काढून अशी शंका मांडली, की एका संस्कृतीची मूल्ये सर्व जगाला लागू कशी करणार? वसाहतवादाच्या संदर्भात ती शंका रास्त होती. पण नाझी राजवटीचा अनुभव ताजा असताना तिची मर्यादाही उघड होती. पुढे १९९९मध्ये त्याच संघटनेने मानवी हक्कांच्या बाजूने नवी भूमिका जाहीर केली.

महाराष्ट्राने ही सीमारेषा कायद्याने आखली आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्या २० ऑगस्ट २०१३ रोजी झालेल्या हत्येनंतर काही दिवसांतच वटहुकूम निघाला आणि डिसेंबरमध्ये त्याचा कायदा झाला. एखादी व्यक्ती करणी करते, जादूटोणा करते, मंत्राने गुरांचे दूध आटवते असे भासवून तिचे जगणे कठीण करणे हा त्यानुसार अपराध आहे. त्यास किमान सहा महिने ते कमाल सात वर्षे कारावास आणि पाच ते पन्नास हजार रुपये दंड अशी शिक्षा आहे. अपराध दखलपात्र व अजामीनपात्र आहे.

आपल्या वाचकांनी या कायद्यातील आणखी एक कलम अवश्य पाहावे. कोणत्या गोष्टींना हा कायदा लागू नाही, याची यादी त्यात दिली आहे. प्रदक्षिणा, यात्रा, कीर्तन, प्रवचन यांच्याबरोबरच मुलांचे कान-नाक टोचणे आणि जैनांचे केशलोचन यांचा तेथे स्पष्ट उल्लेख आहे. परक्या माणसाच्या डोळ्यांनी पाहिले तर हाताने केस उपटणे हे क्रूर वाटेल. वेदना तर त्यात आहेच. तरीही कायद्याने ते वगळले. कारण वेदना किती, यावर ही रेषा आखलेली नाही. ती कोणाच्या इच्छेने, कोणाच्या देहावर घडते, यावर आखलेली आहे. साधू किंवा साध्वी तो क्लेश स्वतः स्वीकारतात. डाकीण ठरवलेली बाई काहीही स्वीकारत नाही. तिच्यावर ते लादले जाते.

याच कसोटीवर आपल्याही प्रथा घासून पाहाव्या लागतील. १० ऑगस्ट २०१५ रोजी राजस्थान उच्च न्यायालयाने संथारा हा आत्महत्येचा प्रकार मानण्याचा निर्णय दिला, तेव्हा देशभर जैन समाज मूक मोर्चे काढून रस्त्यावर आला. ३१ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाने त्या निर्णयाला स्थगिती दिली. ‘बाहेरच्यांना हे व्रत आतून कळलेले नाही’ हे समाजाचे म्हणणे योग्यच होते. परंतु तेवढेच म्हणणे पुरेसे नाही, कारण नेमके तेच वाक्य डाकीण ठरवणारा भगतही म्हणू शकतो. संथाऱ्याचा खरा बचाव ‘ही आमची परंपरा आहे’ हा नसून, व्रत घेणारी व्यक्ती सज्ञान व जागृत असते, ती स्वतः अनुमती मागते आणि तिच्यावर दडपण नसते, हा आहे. जेथे या गोष्टी नसतील, जेथे वृद्धेच्या मौनाचा अर्थ घरचे लोक आपल्या सोयीने लावतील, तेथे हा बचाव लागू पडणार नाही. मग ते घर आपल्या शेजारचे का असेना.

अनेकान्ताचा आधार घेऊन कोणी म्हणेल, की सर्वच दृष्टी खऱ्या, मग निवाडा कशाला? पण अनेकान्त वस्तूच्या अनेक बाजू पाहायला सांगतो. हिंसेला अहिंसा म्हणायला सांगत नाही. डाकीण प्रकरणात न पाहिलेली बाजू त्या बाईचीच असते.

देजालाही ही कसोटी चुकत नाही. आज रकमा वाढल्या आहेत. मुलगा कर्ज काढतो आणि ते फेडण्यासाठी परमुलखात ऊसतोडीला जातो. नवरा मारतो म्हणून मुलगी माहेरी आली तर देज परत करावे लागेल या धास्तीने बापच तिला परत पाठवू शकतो. त्या क्षणी जुनी न्याय्य चाल तिच्यासाठी दाराची कडी होते. रक्कम आटोक्यात ठेवावी असे जमातीतील शिकलेले तरुण म्हणतात, आणि त्यांचे म्हणणे ऐकण्यासारखे आहे, कारण ते आतले आहेत.

निवाडा करणे आणि समजून घेणे यांत विरोध नाही, हेही डाकीण प्रकरणच दाखवते. केवळ कायदा असून भागत नाही. तक्रार करणाऱ्या बाईला उद्या त्याच पाड्यावर, त्याच पाणवठ्यावर जायचे असते. साक्षीदार तिचेच नातलग असतात. प्रकरण पंचांत मिटवले जाते. म्हणून प्रथेची कारणे ठाऊक असावी लागतात. तापाचे निदान वेळेवर झाले तर भगताकडे जाण्याचे पहिले पाऊलच टळते. विधवेचे नाव सातबाऱ्यावर वेळेत लागले तर तिला हाकलण्यातला लाभ घटतो. पोलीस पाटलाला कायदा माहीत असला तर पंचांची बैठक भरण्याआधी खबर जाते. ही माहिती बाहेरून नाक मुरडणाऱ्याला मिळत नाही, आणि ‘त्यांचे ते पाहतील’ म्हणणाऱ्याला ती नको असते.

गादीवरच्या संभाषणात पुन्हा कधी सातपुड्यातल्या लोकांचा विषय निघेल तेव्हा देज आणि डाकीण या दोन गोष्टी निराळ्या खात्यांत लिहाव्यात. पहिलीविषयी बोलण्यापूर्वी आपल्या घरातील शेवटच्या लग्नाचा खर्च कोणी केला, हे आठवावे. दुसरीविषयी मात्र गप्प राहू नये.