तळहाताचा अपराध काय?

टॅब्लेटवर टिपणे काढणाऱ्या विद्यार्थ्याला हमखास मिळणारा सल्ला म्हणजे, ‘हात अधांतरी धरून लिही.’ माझ्या मते हा सल्लाच चुकीचा आहे. तळहात टेकल्यावाचून अक्षर स्थिर राहत नाही, हे पहिलीतल्या मुलालाही ठाऊक असते. तोच हात काचेवर टेकला आणि घोटाळा झाला, तर दोष हाताचा नव्हे, हात ओळखण्याच्या यंत्राच्या रीतीचा आहे.

काचेला बोटाचा स्पर्श कळतो तसाच तळहाताचाही कळतो. लेखणी स्वतःचा वेगळा संकेत देणारी असेल, तर तिचे टोक यंत्र सहज ओळखते. (साध्या रबरी टोकाच्या लेखणीला मात्र काच बोटच समजते.) परंतु उरलेल्या स्पर्शांपैकी बोट कोणते आणि तळहात कोणता, हे त्यांच्या आकारावरून व वेळेवरून अंदाजानेच ठरवावे लागते. त्यातून तळहात बहुधा आधी टेकतो, टोक मागाहून येते. आणि टेकण्याच्या पहिल्या क्षणी तळहाताचा ठसा बोटाएवढाच लहान असतो.

आता एक उदाहरण घेऊ. काही ॲप्समध्ये दोन बोटांनी टिचकी मारली की शेवटची रेघ पुसली जाते. समजा, आपण ‘वंश’ लिहिले, शिरोरेघ ओढली आणि शेवटी अनुस्वार दिला. पुढच्या शब्दाकडे जाताना मुडपलेली करंगळी आणि तळहाताची कड एकदमच काचेला लागून क्षणात उचलली गेली. यंत्राने दोन बोटे मोजली आणि अनुस्वार पुसला. वहीत उरले ‘वश’! शिरोरेघेसाठी मागे आणि अनुस्वारासाठी वर असा हात आपल्या लिपीत वारंवार उचलावा लागतो, त्यामुळे अशी संधीही वारंवार येते.

दोष कोठे आहे, हे पाहणे सोपे आहे. थोडे लिहून लेखणी बाजूला ठेवावी आणि तळहात पानावर दोनतीनदा टेकवून उचलावा. रेघ उमटली, तर बोटाने लिहिण्याची मुभा चालू आहे. आयपॅडच्या सेटिंग्जमधील ‘Only Draw with Apple Pencil’ चालू केले की ती बंद होते. रेघ न उमटता पान सरकले किंवा शेवटची रेघ नाहीशी झाली, तर ती बोटांच्या खुणांची करामत. हे बटण त्या खुणांना रोखत नाही. त्या ॲपच्याच सेटिंग्जमध्ये, सोय असल्यास, बंद कराव्या लागतात.

खुणा सोयीच्या आहेत, हे मान्य. पण सर्व खुणा सारख्या नव्हेत. चुकून सरकलेले पान डोळ्यांना दिसते आणि परत आणता येते. चुकून पुसलेले टिंब परीक्षेच्या आदल्या रात्रीपर्यंत लक्षातच येत नाही. म्हणून पुसण्याची खूण मुळात बंदच असावी. ज्याला हवी असेल त्याने ती चालू करावी. पुसायला पडद्यावर बटण आहेच की!