विश्लेषण : दंडावरचे खरखरीत दाणे क्रीमने खरेच जातात का? ‘सात दिवसांत गुळगुळीत त्वचे’च्या दाव्यात किती तथ्य?

थंडी नसतानाही दंडावर, मांड्यांवर कायम काटा आल्यासारखे बारीक दाणे असणारे लोक प्रत्येक घरात, प्रत्येक वर्गात सापडतात. हात फिरवला की पॉलिश पेपरसारखे खरखरीत लागते. त्वचारोगतज्ज्ञ याला ‘केराटोसिस पिलॅरिस’ म्हणतात, तर क्रीम विकणारे ‘स्ट्रॉबेरी स्किन’. ‘आठवड्यात गायब’ असे सांगणाऱ्या जाहिराती रील्समध्ये रोज दिसतात. या जाहिराती एक गोष्ट सोयीस्करपणे गाळतात. या दाण्यांत दोन वेगळे प्रश्न आहेत, एक हाताला लागणारा आणि दुसरा डोळ्याला दिसणारा. पहिल्यावर बऱ्यापैकी उपाय आहे. दुसरा फार सावकाश सुटतो आणि पैसे मात्र त्याच्याच नावाने घेतले जातात.

दाणा म्हणजे नेमके काय?

त्वचेच्या वरच्या थरात केराटिन नावाचे प्रथिन असते. केसाच्या मुळाशी असलेल्या छिद्राच्या तोंडाशी ते साचले, की त्याचे बूच तयार होते. हे बूच वर आलेले असते म्हणून त्वचा खरखरीत लागते. अनेकदा बुचाखाली बारीक केस गुंडाळी होऊन अडकलेला असतो. बुचाभोवती हलकी सूज असते. गोऱ्या त्वचेवर ती लालसर दिसते. गव्हाळ आणि सावळ्या त्वचेवर सूज ओसरल्यानंतरही तपकिरी ठिपका मागे राहतो.

ही प्रवृत्ती बहुतेकांत आईवडिलांकडून येते. कोरडी त्वचा किंवा एक्झिमा असलेल्यांत ती जास्त आढळते. वयात येताना दाणे वाढतात, हिवाळ्यात ठळक होतात आणि अनेकांत तिशीनंतर आपोआप कमी होतात. हा संसर्ग नाही आणि अस्वच्छतेचा परिणामही नाही. घरात मात्र पहिला सल्ला ‘नीट घासून अंघोळ कर’ असाच मिळतो आणि तिथेच गणित बिघडते. वजरी, काथ्या किंवा भरड स्क्रबने बुचाचे टोक निघते, पण भोवतीची सूज वाढते. खरखर दोन दिवस कमी होते, ठिपके मात्र गडद होतात. नखांनी दाणे फोडणाऱ्यांचेही हेच होते.

क्रीम किती काम करते?

बूच मऊ करून सैल करणारे घटक मोजकेच आहेत. १० ते २० टक्के युरिया, १० ते १२ टक्के लॅक्टिक ॲसिड आणि सॅलिसिलिक ॲसिड हे त्यांतले मुख्य. थायलंडमध्ये ५० रुग्णांवर झालेला आणि २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास इथे उपयोगी आहे. १२ आठवड्यांनंतर १० टक्के लॅक्टिक ॲसिडच्या क्रीमने दाणे सरासरी ६६ टक्क्यांनी, तर ५ टक्के सॅलिसिलिक ॲसिडच्या क्रीमने ५२ टक्क्यांनी कमी झाले. म्हणजे तीन महिने नेमाने लावूनही सरासरी एक तृतीयांश ते जवळपास निम्मे दाणे उरले. बाटलीवर ‘सात दिवस’ लिहिणाऱ्यांनी हा आकडा शेजारी छापायला हरकत नसावी.

समजा, २४ वर्षांच्या एका मुलीचे डिसेंबरमध्ये लग्न आहे आणि तिला बिनबाह्यांचे ब्लाऊज घालायचे आहे. तिने सुरुवात नोव्हेंबरच्या शेवटी केली, तर हाती काही लागणार नाही. ऑगस्टच्या अखेरीस केली, तर हिशेब असा. पहिले दोन आठवडे कोमट पाण्याची छोटी अंघोळ, सौम्य साबण आणि अंग ओलसर असतानाच साधे मॉइश्चरायझर. मग १० टक्के युरियाचे किंवा लॅक्टिक ॲसिडचे क्रीम एक दिवसाआड रात्री, आणि जळजळ नसेल तर रोज. वॅक्सिंग किंवा शेव्हिंग केल्यावर दोन दिवस ते लावायचे नाही, कारण सोललेल्या त्वचेवर ते झोंबते. लॅक्टिक ॲसिड वापरताना उघड्या दंडाला दिवसा सनस्क्रीन लागते, नाहीतर ठिपके अधिक काळवंडतात.

प्रमाणाची चूक इथे सर्रास होते. तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत क्रीमची रेघ काढली, तर ते साधारण अर्धा ग्रॅम भरते. एका दंडाच्या बाहेरच्या बाजूला एवढे लागतेच. दोन दंड म्हणजे रोज एक ग्रॅम, महिन्याला ३० ग्रॅम. मांड्या धरल्या तर याच्या दुपटीहून जास्त. ३० ग्रॅमची ट्यूब तीन महिने पुरत असेल, तर ते क्रीम काम करत नाही असे म्हणण्याआधी ते पुरेसे लावलेच जात नाही हे पाहायला हवे.

फरक पडतोय का, हे ओळखायची सोपी रीत म्हणजे सुरुवातीला एकाच दंडावर क्रीम लावणे आणि दुसऱ्याला फक्त मॉइश्चरायझर. दर दोन आठवड्यांनी त्याच खिडकीपाशी, त्याच वेळी फोटो काढायचा. चार ते सहा आठवड्यांत डोळे मिटून बोट फिरवल्यावर दोन दंडांतला फरक कळायला हवा. फोटोत मात्र तेव्हा फारसे काही दिसणार नाही. ठिपके फिके व्हायला आणखी काही महिने जातात. या मुलीला लग्नात गुळगुळीत दंड मिळू शकतात, डागविरहित दंडाचे आश्वासन कोणी देऊ नये. आणि क्रीम बंद केले की काही आठवड्यांत बुचे पुन्हा तयार होतात, कारण मूळ प्रवृत्ती तशीच असते. बरे वाटल्यावरही आठवड्यातून दोन-तीनदा ते लावत राहावे लागते. ॲडापॅलिन, ट्रेटिनॉइनसारखी रेटिनॉइड क्रीम डॉक्टर कधी कधी देतात. त्यांनी त्वचा सोलवटू शकते आणि गर्भारपणात ती टाळली जातात.

मेडिकलमधली ‘जालीम’ ट्यूब

दुकानात ‘खरखरीत त्वचेसाठी’ म्हणून सॅलिसिलिक ॲसिडसोबत बीटामेथासोन किंवा क्लोबेटासोल असलेले मलम सहज हातात ठेवले जाते. ही जोरकस स्टेरॉइड आहेत. सूज आणि लाली पटकन उतरते, म्हणून औषध ‘लागू पडले’ असे वाटते. महिनोन्‌महिने चोळल्यावर त्वचा पातळ होते, ताणाच्या चिरा उमटतात आणि त्या जात नाहीत. बारीक अक्षरातले हे एक नाव वाचणे कुठल्याही महागड्या क्रीमपेक्षा मोलाचे आहे.

लेझर पॅकेज घ्यावे का?

‘जामा डर्मेटॉलॉजी’ या नियतकालिकात २०१५ मध्ये आलेल्या चाचणीत ८१० नॅनोमीटरच्या डायोड लेझरची तीन सत्रे चार ते पाच आठवड्यांच्या अंतराने, शरीराच्या एकाच बाजूला देण्यात आली. १८ जणांनी ती पूर्ण केली. खरखर कमी झाली, लाली नाही. शिवाय त्यात गोऱ्या ते मध्यम वर्णाचेच लोक होते. आपल्याकडे बहुतेकांची त्वचा त्याहून सावळी असते आणि अशा त्वचेवर चुकीच्या ताकदीचे लेझर स्वतःच डाग पाडू शकते. लांब तरंगलांबीचे एनडी-याग लेझर सावळ्या त्वचेसाठी तुलनेने सुरक्षित मानतात. त्यामुळे यंत्र कोणते, ते चालवणार कोण, आधी लहानशा जागेवर चाचणी होणार का, या तीन प्रश्नांची उत्तरे न देता सहा सत्रांचे पैसे आगाऊ मागणाऱ्या केंद्रातून उठून यावे.

दाण्यांत पू असेल, दुखत असेल किंवा खूप खाज असेल, तर तो केसांच्या मुळांचा संसर्ग असू शकतो आणि ही क्रीम त्यावर उपाय नाहीत. मुलांच्या कोपर-गुडघ्यांवर जाड, टोकदार दाणे असतील आणि खाणेपिणे अपुरे असेल, तर कुपोषणातून येणारा फ्रायनोडर्मा तपासावा लागतो. तिथे मलमाआधी आहाराकडे पाहिले जाते.