नीतिशास्त्राचा तक्ता आणि त्याचा शेवटचा रकाना

सातारा आणि सांगलीच्या अभ्यासिकांमध्ये एक झेरॉक्स फिरते. ए-फोर कागद, आडवा. डावीकडे नावं: उपयुक्ततावाद, कर्तव्यवाद, सद्गुणनीती, रॉल्सचा न्याय, काळजीची नीती. पुढे विचारवंत, मग एका ओळीत सूत्र, मग गुण, दोष आणि शेवटी 'नमुना पेच'. यूपीएससीने २०१३ पासून नीतिशास्त्राचा वेगळा पेपर आणला, आता राज्यसेवाही २०२५ च्या परीक्षेपासून वर्णनात्मक झाली, त्यामुळे या कागदाला भलताच भाव आलाय. माझा भाचा तो कपाटाच्या दाराला चिकटवून बसलाय.

एका पानात सगळं बसवायला माझी हरकत नाही. उजळणीला तक्ता लागतोच. माझं भांडण फक्त शेवटच्या रकान्याशी आहे. प्रत्येक सिद्धांताला एकेक पेच वाटून दिला की अभ्यासाचं वाटोळं होतं, असं माझं स्पष्ट मत आहे.

आधी ते पेच कुठून आले ते बघा. उपयुक्ततावादापुढे रुळावरच्या पाच माणसांचा आणि ट्रॉलीचा पेच असतो. तो मांडला फिलिपा फूट या बाईंनी, १९६७ साली, गर्भपातावरच्या एका निबंधात. त्यांना उपयुक्ततावाद शिकवायचा नव्हता. घडवून आणलेलं नुकसान आणि ओघात झालेलं नुकसान यात फरक असतो का, हे त्या तपासत होत्या. आणि पुढे त्यांचं नाव झालं ते सद्गुणनीतीत! कांटपुढे असतो दारात आलेला खुनी, जो विचारतो, तुझा मित्र घरात आहे का? तो कांटने स्वतःहून निवडलेला नमुना नाही. बेंजामिन कॉन्स्टंटने घेतलेला तो आक्षेप आहे आणि कांटने १७९७ मध्ये त्याला उत्तर दिलं. म्हणजे कांटची ओळख आपण त्याच्या विरोधकाने शोधलेल्या अडचणीवरून करून घेतो. हे म्हणजे सोयरीक जुळवताना मुलाची माहिती त्याच्या भाऊबंदांकडून काढण्यासारखं झालं.

दुसरी गोष्ट जास्त गंभीर आहे. हे सगळे सिद्धांत एकाच प्रश्नाची उत्तरं देत नाहीत. रॉल्स समाजाच्या मूळ चौकटीबद्दल, म्हणजे कायदे आणि वाटपाचे नियम यांच्याबद्दल बोलतो. एखाद्या तहसीलदाराने सोमवारी सकाळी काय करावं, हे तो सांगायला बसलेला नाही. ॲरिस्टॉटल 'कोणती कृती' यापेक्षा 'कसा माणूस' याकडे बघतो. त्यांच्यापुढे एकेक पेच ठेवला की मुलांना वाटतं, पाच गुरुजी एकच गणित पाच रीतींनी सोडवतात.

आता आपल्याकडचंच उदाहरण घेऊ. कोयना धरण पाटण तालुक्यात. बरंचसं पाणी बोगद्यांतून पश्चिमेला पोफळीकडे जाऊन वीज होते. उरलेलं कोयनेतून कराडला कृष्णेत येतं आणि पुढे सांगलीकडे जातं. कराडजवळच्या टेंभू योजनेतून उचललेलं कृष्णेचं पाणी आटपाडीपर्यंत पोचतं. गावं मात्र बुडाली साताऱ्याच्या डोंगरातली, आणि तीही राज्याचा पुनर्वसन कायदा १९७६ साली येण्याच्या आधी. तक्त्यात हे कुठे बसवाल? भाच्याच्या कागदावर 'धरण' हा शब्द उपयुक्ततावादाच्या चौकटीत आहे. पुढे लिहिलंय 'थोड्यांचा त्याग, अनेकांचं हित'. संपलं!

मी त्याला एक पेच रचून दिला. सांगली जिल्ह्यातला पुनर्वसन अधिकारी. वाटपाला जमिनीचा एकच तुकडा. एक कुटुंब कोयनेचं: आजोबा साठच्या दशकात उठून आले, कागद नाहीत, आज शेतमजुरी. दुसरं चांदोली धरणाचं: हातात वाटपाचा आदेश, निम्मी जमीन आधीच मिळालेली, निम्मी बाकी. तुकडा कुणाला द्यायचा?

उपयुक्ततावादी नुसती डोकी मोजत नाही. तोच एकर ज्याच्याकडे काहीच नाही त्याला जास्त उपयोगी पडतो, म्हणून पारडं कोयनेकडे झुकतं. पण त्याला पुढचंही मोजावं लागतं. कागदाविना जमीन मिळते हे कळल्यावर खोटे अर्ज किती येतील? तेव्हा चौकशीशिवाय त्याचं उत्तर पुरं होत नाही.

कांट इथे दोन्ही बाजूंनी ओढतो, आणि तक्ता नेमकं हेच लपवतो. 'गरज जास्त दिसली की मी हातातला आदेश बाजूला ठेवीन' हा नियम सर्वांनी पाळला तर आदेशाला अर्थच उरत नाही. म्हणजे चांदोलीच्या बाजूने. पण कोयनेच्या कुटुंबाला विजेचं नुसतं साधन केलं गेलं, त्यांची संमती कुणी विचारली नाही, हेही कांटचंच म्हणणं ठरतं.

रॉल्स तुकड्याबद्दल गप्प बसतो. तो विचारतो, आपण पाटणात जन्मणार की वाळव्यात हे माहीत नसताना, आधी उठलेल्यांना मागे ठेवणारी व्यवस्था तुम्ही मान्य केली असती का? त्याचं उत्तर मंत्रालयात जाणाऱ्या प्रस्तावात लिहायचं असतं. ॲरिस्टॉटलचा मुरलेला अधिकारी सही करण्याआधी बुडीत गावांची जुनी यादी काढेल आणि वसाहतीतल्या म्हाताऱ्यांना बोलावून विचारेल. आणि काळजीची नीती? कॅरल गिलिगनच्या १९८२ च्या पुस्तकात एमी नावाची मुलगी आहे. औषध चोरावं की बायकोला मरू द्यावं असं विचारल्यावर ती दोन्ही सोडून म्हणते, औषधवाल्याशी बोलून बघा, कर्ज काढा. तशी ती इथे विचारेल, तुकडा एकच आहे हे कुणी ठरवलं?

माझं उत्तर: तुकडा चांदोलीला. अधिकाऱ्याला अधिकार मिळतो तो आदेशातून, स्वतःच्या दयेतून नाही. पण त्याच दिवशी कोयनेच्या कुटुंबाची चौकशी लेखी सुरू करायची आणि तारीख घालायची. आदेश अंतिम नसेल, नुसता प्रस्ताव असेल, तर मात्र माझं मत उलटेल. भाचा सहमत नाही. तो म्हणाला, मामा, तारखा तर साठ वर्षं पडतायत. मुद्दा बिनतोड आहे, पण तो तक्त्यातून आलेला नाही.

तेव्हा तक्ता असा करा. पेच एकच, पानाच्या डोक्यावर. खाली पाच ओळी आणि दोनच रकाने: हा सिद्धांत पहिला प्रश्न कोणता विचारतो, आणि कुठे अडतो. परीक्षेत केस स्टडीला वीस गुण, अडीचशे शब्द, आणि प्रश्नावर सिद्धांताचं नाव छापलेलं नसतं. पाठ केलेली ट्रॉली तिथे आणणारा मुलगा लगेच ओळखू येतो. त्याच्या उत्तरात सिद्धांताचं नाव पहिल्या ओळीत असतं, आणि आदेश, यादी, तारीख यांतलं काहीच नसतं.

भाच्याने नवा कागद केलाय. डोक्यावर कोयना आहे. रॉल्सचा दुसरा रकाना मात्र अजून रिकामाच आहे, त्यावर आमचं रविवारी भांडण ठरलंय.