लिटर आणि फॅट: रोजचा हिशेब उत्पादकाच्या हातात द्या

दूध संस्थेचं बिल दहा दिवसांनी निघतं. तोवर मंगळवारी फॅट का घसरली, हे विचारायला फार उशीर झालेला असतो. म्हणून प्रत्येक उत्पादकाला त्याच्या दुधाचा गोषवारा रोजच्या रोज मिळायला हवा. तो कसा असावा, यावर माझे मुद्दे असे.

१. सकाळ आणि संध्याकाळ वेगळी दाखवा. दोन धारांमध्ये रात्रीचं अंतर मोठं असतं, त्यामुळे सकाळी दूध जास्त आणि फॅट कमी लागते. संध्याकाळी बरोबर उलट. दोन्ही ओळी समोर असल्या, तरच खरी घसरण ओळखता येते.

२. दिवसाची फॅट काढताना नुसती सरासरी काढू नका. समजा, एका उत्पादकाने सकाळी ८ लिटर दूध घातलं, फॅट ३.४ लागली, संध्याकाळी ४ लिटर घातलं, फॅट ४.१ लागली. दोन्ही फॅट मिळवून निम्मे केले की ३.७५ येतात. पण सकाळचं दूध दुप्पट आहे. ८ गुणिले ३.४ म्हणजे २७.२, ४ गुणिले ४.१ म्हणजे १६.४, बेरीज ४३.६, तिला १२ लिटरने भागलं की खरी फॅट ३.६३. चिठ्ठीवर ३.७५ छापून बिल मात्र वेळेनुसार काढलं, तर उत्पादकाला पैसे कापल्यासारखे वाटतात आणि सचिवावर नाहक संशय येतो.

३. काट्यावरचे शेवटचे आकडे सोडू नका. शंभर मिलीच्या खालचं दूध दर वेळी सोडून दिलं, तर एका वेळी साधारण ५० मिली जातं. दोन वेळा, तीस दिवस: महिन्याला ३ लिटर. दोनशे उत्पादकांच्या संस्थेत ते ६०० लिटर होतं, आणि ते कोणाच्याच खात्यावर दिसत नाही.

४. फलकावर संस्थेचा ताळाही लावा. सगळ्यांचे लिटर आणि किलो फॅट यांची बेरीज करायची, स्थानिक विक्री वजा करायची आणि शेजारी संघाची पावती लावायची. संघाकडे फॅट रोजच जास्त भरत असेल, तर संस्थेचं मशीन कमी दाखवतंय असा संशय घ्यावा आणि तेच नमुने गर्बर पद्धतीने तपासून घ्यावेत. एकाच उत्पादकाची फॅट खाली-वर होत असेल, तर आधी नमुना बघा: कॅनमधलं दूध नीट ढवळून घेतलं होतं का? मग गोठ्यात विचारा, शेवटची धार वासराला सोडली होती का? सर्वांत जास्त फॅट त्याच धारेत असते.

हे सगळं एका चिठ्ठीत मावतं: तारीख, वेळ, लिटर, फॅट, एसएनएफ, दर, रक्कम आणि खाली दिवसाची बेरीज. हरकत त्याच दिवशी नोंदवता यावी आणि तपासणी होईपर्यंत नमुना टाकून देऊ नये, एवढा ठराव येत्या वार्षिक सभेत व्हावा.